दार उघडण्यापूर्वीचा हिशेब

शेजारच्या महाराष्ट्रात अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश २०२५ साली प्रथमच साऱ्या राज्यासाठी लागू झाले. २१ मे रोजी नोंदणीचे दार उघडले आणि त्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडले. अखेर नोंदणी २६ मेपर्यंत पुढे ढकलावी लागली. त्याच राज्यात १६ जुलै २०२१ रोजी दहावीचा निकाल लागला, तेव्हा सुमारे सोळा लक्ष मुले आणि त्यांचे पालक कित्येक तास कोऱ्या पडद्याकडे पाहत बसले होते. तो प्रकार विस्मृतीत जातो न जातो तोच अकरावीच्या सामायिक परीक्षेची नोंदणी सुरू झाली, आणि तिचेही संकेतस्थळ बंद ठेवावे लागले. प्रत्येक वेळी खुलासा एकच : तांत्रिक अडचण. जणू ही अडचण म्हणजे आषाढातला पाऊस. कधी कोसळेल हे कोणी सांगावे!

हा खुलासा आम्हांला मान्य नाही. वादळ कोणत्या दिवशी येणार हे वेधशाळेलाही नेमके सांगता येत नाही. परंतु ऑनलाइन प्रवेशाच्या वादळाची तारीख, वार आणि वेळ शासन स्वतःच जाहिरात देऊन ठरवीत असते. किती मुले उत्तीर्ण झाली याचा आकडा शासनाच्याच दप्तरी असतो. इतके सारे आधी ठाऊक असताना यंत्रणा कोसळते, तेव्हा दोष नशिबाचा नसून न केलेल्या हिशेबाचा असतो. या हिशेबाला संगणक व्यवसायात क्षमता-नियोजन म्हणतात आणि तो पडताळून पाहण्याच्या प्रयोगाला लोड टेस्टिंग, म्हणजेच भारचाचणी. तो नेमका कसा मांडतात आणि कोठे चुकतो, हे सामान्य वाचकालाही समजण्यासारखे आहे. आणि ते त्याने समजून घ्यावे, कारण उद्या त्यालाच शासनाला जाब विचारावा लागणार आहे.

आपल्या आटोपशीर गोमंतकाला शोभेल असेच उदाहरण घेऊ. समजा, एका छोट्या राज्यात वीस हजार विद्यार्थ्यांना ऑनलाइन अर्ज भरावयाचे आहेत आणि मुदत दहा दिवसांची आहे. एक अर्ज पुरा होईपर्यंत विद्यार्थ्याच्या यंत्राकडून सर्व्हरला साधारण साठ विनंत्या जातात असे धरू. पान उघडा, तालुका निवडा, शाळांची यादी मागवा, गुणपत्रिका चढवा. यातील प्रत्येक पायरी म्हणजे एक किंवा अनेक विनंत्या. वीस हजारांना साठाने गुणले की बारा लक्ष विनंत्या होतात. त्या दहा दिवसांत विभागल्या तर दर सेकंदाला दीड विनंतीही पडत नाही. निविदा लिहिणारा कारकून हा आकडा पाहून निर्धास्त होतो, आणि ठेकेदार त्या मानाने यंत्रे घेतो.

परंतु माणसे सरासरीने येत नसतात. जाहिरातीत ‘सकाळी दहा वाजता’ असे छापले की निम्मी मुले पहिल्या तासातच येणार, हे सांगायला ज्योतिषी नको. त्या दहा हजारांपैकी चार हजार तर पहिल्या पाच मिनिटांतच येतील. शिवाय एक मूल एकाच यंत्रावरून येत नाही. वडील कचेरीतल्या संगणकावर बसतात, थोरला भाऊ मोबाईलवर प्रयत्न करतो, आणि ज्याचे आधी उघडेल त्यावर अर्ज भरावयाचा असे घरोघरी ठरते. म्हणून दीडपट धरली, तर पहिल्या पाच मिनिटांत सहा हजार जण आत शिरतात, म्हणजे दर सेकंदाला वीस. अर्ज भरण्यास पंचवीस मिनिटे लागतात असे मानले, तर तोवर आत आलेल्यांपैकी जवळपास कोणीच बाहेर पडत नाही आणि मागाहून येणारे मात्र येतच राहतात. साडेदहाच्या सुमारास आत असलेल्यांची संख्या नऊ हजारांवर जाते. प्रत्येकजण पंचवीस मिनिटांत साठ विनंत्या करतो, म्हणजे दर पंचवीस सेकंदांना एक. नऊ हजारांना पंचवीसाने भागा : दर सेकंदाला तीनशे साठ विनंत्या.

सरासरी दीड आणि शिखराला तीनशे साठ! हा फरक दुप्पट-तिप्पट नसून अडीचशेपटींच्या घरात जातो. यात पान अडले म्हणून पुन्हा पुन्हा कळ दाबणारे अजून धरलेलेच नाहीत. त्यांचा विचार करून सुज्ञ नियोजक हा आकडा तिपटीने वाढवील आणि दर सेकंदाला हजार विनंत्या हे लक्ष्य मानील. आमचे गृहीतक चुकीचेही असेल. निम्म्याऐवजी एक तृतीयांश मुले पहिल्या तासात येतील. तरीही हरकत नाही. गृहीतक कागदावर लिहिलेले असले म्हणजे ते तपासता येते, मागल्या वर्षीच्या नोंदींशी ताडून पाहता येते. ज्याने काहीच लिहिले नाही, त्याची चूकही कोणाला दाखविता येत नाही, आणि खरी गोम तेथेच आहे.

येथवर मागणीचा हिशेब झाला. आता पुरवठ्याचा पाहू. देवस्थानच्या महाप्रसादाला ज्यांनी व्यवस्थापन केले आहे त्यांना हे चटकन उमजेल. अग्रशाळेत एका वेळी दोनशे पाने मांडता येतात आणि एक पंगत उठायला चाळीस मिनिटे लागतात, तर ताशी तीनशे माणसे जेवतील, त्याहून एकही अधिक नाही. साडेबारा वाजता दीड हजार मंडळी एकदम आली, तर आठवी पंगत बसेपर्यंत सायंकाळचे पाच वाजून जातील. अशा वेळी भाताचे आणखी हंडे चढविल्याने एका माणसाचीही सोय होत नाही. अडले आहे ते जागेपाशी, चुलीपाशी नव्हे. जागा वाढवा किंवा पंगत लवकर उठेल असे करा. तिसरा मार्ग नाही.

ऑनलाइन प्रवेशातही नेमके असेच होते. दर्शनी भागात पाने दाखविणारे सर्व्हर असतात. ते वाढविणे सोपे असते, आणि अडचण आली की अधिकारी ‘आम्ही सर्व्हर वाढविले आहेत’ असे पत्रक काढतात. परंतु साऱ्या सर्व्हरांच्या मागे डेटाबेस बहुधा एकच असतो आणि त्याच्याशी एका वेळी ठराविक जोडण्याच करता येतात. समजा, त्या शंभर आहेत. प्रत्येक विनंती एक जोडणी एक दशांश सेकंद अडवून धरीत असेल, तर दर सेकंदाला हजार विनंत्या पार पडतात, म्हणजे आपले लक्ष्य बरोबर साधते. पण शाळांच्या यादीचा शोध घेताना योग्य अनुक्रमणिका करावयाची राहून गेली आणि त्यामुळे तेच काम अर्ध्या सेकंदाचे झाले, तर क्षमता हजारावरून एकदम दोनशेवर येते. किंवा कोणा हौशी अधिकाऱ्याने मुखपृष्ठावर ‘आतापर्यंत आलेले अर्ज’ असा आकडा दाखविण्याचा आग्रह धरला, तर प्रत्येक अर्जदाराला तोच एक आकडा बदलण्यासाठी रांगेत थांबावे लागते आणि एका निरुपद्रवी शोभेपायी सारी यंत्रणा खोळंबते. पंगत चाळीस मिनिटांऐवजी दोनशे मिनिटांनी उठू लागली की व्हायचे ते होते.

पुढे जे घडते ते ध्यानात ठेवण्याजोगे आहे. क्षमता दोनशेची, आणि दार उघडून चार-पाच मिनिटे होतात तोच मागणी ती मर्यादा ओलांडते. शिखराच्या वेळी तर दर सेकंदाला एकशे साठ विनंत्या मागे तुंबू लागतात. सव्वा मिनिटात बारा हजार विनंत्यांची रांग होते आणि शेवटच्या विनंतीला साठ सेकंद थांबावे लागते. पुष्कळ व्यवस्थांत मधला सर्व्हर साठ सेकंदांनी वाट पाहणे सोडतो आणि विद्यार्थ्याच्या पडद्यावर चुकीचा संदेश झळकतो. विद्यार्थी काय करणार? तो पुन्हा कळ दाबतो. म्हणजे एका विनंतीच्या दोन झाल्या. पहिली मात्र रांगेत तशीच उभी असते. तिचा नंबर लागला की डेटाबेस ती इमानेइतबारे पुरी करतो आणि ते उत्तर घ्यायला पलीकडे कोणीच नसते. यंत्रे शंभर टक्के राबत असतात, पण ज्याचा कोणाला उपयोग आहे असे काम घटत घटत शून्याकडे जाते. यंत्रणा हळूहळू मंदावत नाही, ती एकदम आडवी होते, याचे कारण हे आहे. तासाभरात गर्दी ओसरेल म्हणून हातावर हात धरून बसणेही उपयोगाचे नाही, कारण गर्दी आता यंत्रणेच्या अपयशातूनच जन्म घेत असते.

हे सारे आधी कळावे यासाठी भारचाचणी. जेमीटर, लोकस्ट, के-सिक्स यांसारखी साधने त्यासाठी फुकट उपलब्ध आहेत. ती हजारो कृत्रिम विद्यार्थी निर्माण करतात आणि त्यांच्याकडून अर्ज भरवून घेतात. साधनांची उणीव नसताना चाचणीचा अहवाल हिरवा आणि प्रत्यक्षात दिवा लाल, असे का होते? आमच्या मते त्याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण असे की कृत्रिम विद्यार्थी फार सोशिक असतो. अनेक चाचण्यांत तो एक विनंती पाठवितो, उत्तर येईपर्यंत मुकाट थांबतो आणि मगच दुसरी पाठवितो. त्यामुळे यंत्रणा मंदावली की चाचणीचा भारही आपोआप मंदावतो. डॉक्टरने नाडी पाहताना रोगी दमला म्हणून आपले घड्याळ सावकाश चालवावे, तसा हा प्रकार. खरा जनसमुदाय असा नसतो. आत काय गोंधळ चालला आहे याची पर्वा न करता दर सेकंदाला वीस नवे जण दाराशी येतच राहतात. म्हणून चाचणीत येणाऱ्यांचा वेग बाहेरून ठरविला पाहिजे. यंत्रणेने उत्तर देवो अथवा न देवो, ते येत राहिले पाहिजेत. त्याचप्रमाणे एकाच आसनक्रमांकाने दहा हजार वेळा अर्ज भरून पाहण्यात अर्थ नाही. ते उत्तर सर्व्हरने एव्हाना जवळच साठवून ठेवलेले असते आणि डेटाबेसपर्यंत जाण्याची वेळच येत नाही. वीस हजार वेगवेगळे अर्जदार, खऱ्याइतकीच मोठी शाळांची यादी आणि खऱ्यासारखे पसंतीक्रम हवेत.

दुसरे कारण म्हणजे कृत्रिम विद्यार्थी फार श्रीमंत असतो. तो सर्व्हरशेजारच्याच यंत्रावर बसलेला असतो, म्हणून दोन मेगाबाइटची गुणपत्रिका निमिषार्धात चढवितो. सत्तरी तालुक्यातील एखाद्या वाड्यावरचे मूल दर सेकंदाला एक मेगाबिट अशा वेगाने तीच गुणपत्रिका पाठविते, तेव्हा सोळा सेकंद लागतात आणि मध्येच रेंज गेली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. या सोळा सेकंदांत त्याने सर्व्हरची एक जोडणी अडविलेली असते. अशी दोन-तीन हजार मुले एकदम आली, तर डेटाबेस रिकामा बसलेला असूनही दर्शनी सर्व्हरांच्या जोडण्या संपतात. आणि यंत्रणेवर ताण आला की वेळेच्या मर्यादेत न बसल्यामुळे पहिल्याने तोडली जातात ती हीच संथ माणसे. पणजी-मडगावच्या मुलाचा अर्ज जातो. काणकोण, सांगे, धारबांदोड्याच्या मुलाचा राहतो. कोणी ठरवून केलेला हा अन्याय नसला तरी तो अन्यायच आहे, आणि चाचणीत संथ जोडण्यांचा समावेश केल्याखेरीज तो दिसत नाही.

तिसरे कारण अहवाल वाचण्याच्या रीतीत आहे. अहवालात ‘सरासरी प्रतिसाद अडीच सेकंद’ असे लिहिलेले असते आणि वरिष्ठ समाधानाने मान डोलावतात. हजार विनंत्यांपैकी साडेनऊशेंना एका सेकंदात उत्तर मिळाले आणि पन्नासांना तीस सेकंद लागले, तरी सरासरी अडीचच्याही आत येते. पाच टक्के विनंत्या रखडल्या म्हणजे पाच टक्के विद्यार्थी रखडले, असाही एक समज असतो. तोही खोटा. एका विद्यार्थ्याला साठ विनंत्यांतून जावयाचे आहे. प्रत्येक पायरीवर शंभरात पाच वेळा पाय घसरण्याचा संभव असेल, तर साठही पायऱ्या न घसरता चढणारे शंभरात पाचसुद्धा निघणार नाहीत. पायरीगणिक अपयश अवघे एक टक्का धरले, तरी शंभरापैकी सुमारे पंचेचाळीस मुले कोठे ना कोठे अडतात. म्हणून जाणता परीक्षक सरासरी विचारीत नाही. शंभरातल्या नव्याण्णवाव्या विनंतीला किती वेळ लागला, आणि आरंभापासून शेवटपर्यंत अर्ज निर्वेध पुरे करणारे किती, एवढेच तो विचारतो.

चाचणी करावयाची तरी कशी? दर सेकंदाला पन्नास विनंत्यांपासून आरंभ करून शंभर, दोनशे, चारशे असे चढत जावे. भार दुप्पट झाला आणि पुरी होणारी कामेही दुप्पट झाली, तोवर ठीक. ज्या टप्प्यावर भार वाढतो पण पुरी होणारी कामे वाढत नाहीत आणि प्रतिसादाचा वेळ मात्र एकदम उसळतो, तेथे यंत्रणेची कमाल मर्यादा आली असे समजावे. ती लक्ष्याच्या अलीकडे असेल तर नेमके कोणते अंग भरले ते शोधावे, तेवढे दुरुस्त करावे आणि पुन्हा पहिल्यापासून चढावे. एक अडथळा दूर झाला की त्याच्या मागचा दुसरा दिसतो, म्हणून ही फेरी एकदा करून भागत नाही. मग लक्ष्याइतका भार चार-सहा तास तसाच ठेवावा, कारण स्मृती हळूहळू भरत जाण्याचे किंवा नोंदींनी डिस्क भरून जाण्याचे दोष पंधरा मिनिटांच्या चाचणीत उघडकीस येत नाहीत. शेवटी ऐन भरात एक सर्व्हर मुद्दाम बंद करून पाहावा. मोबाईलवर सांकेतिक क्रमांक पाठविणारी कंपनी आणि शुल्क स्वीकारणारी बँक यांना तर आधीच लेखी विचारावे : मिनिटाला किती संदेश, किती व्यवहार झेपतील? स्वतःचे घर कितीही मजबूत केले तरी फाटक दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर उपयोग काय?

चाचणी नापास झाली तर काय करावयाचे, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर तंत्रज्ञाच्या हाती नसते. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१३ रोजी आरोग्यविम्याचे राष्ट्रीय संकेतस्थळ सुरू झाले, तो प्रसंग या बाबतीत बोलका आहे. जेमतेम काही दिवस आधी झालेल्या चाचणीत काहीशे कृत्रिम ग्राहकांच्या भाराखालीच ते कोलमडले होते. तरीही तारीख बदलली नाही, कारण ती कायद्याने आणि राजकारणाने ठरलेली होती. पहिल्या दिवशी त्या महाकाय देशात विमा घेण्यात यशस्वी झालेल्यांची संख्या सहा होती. आणखी एक गोष्ट तेथे दिसून आली. योजना नुसत्या पाहावयाच्या असल्या तरी आधी खाते उघडा, अशी अट शेवटच्या काळात घातली गेली होती. त्यामुळे सहज डोकावायला आलेला माणूसही सर्वांत अवघड दारातूनच आत जाऊ लागला. आपल्याकडे शाळांची यादी, जागांची संख्या, माहितीपुस्तिका हे सारे लॉगिनच्या आत कोंडून ठेवण्याची रीत आहे, ती सोडली तरी गर्दीचा बराच भाग बाहेरच्या बाहेर निघून जाईल.

काहीजण म्हणतील, आता भाड्याची यंत्रे हवी तेवढी मिळतात, गर्दी वाढेल तशी ती आपोआप वाढतील, मग एवढी यातायात कशाला? यात अर्धसत्य आहे. नवी यंत्रे उभी राहून कामाला लागण्यास काही मिनिटे लागतात, आणि दहाच्या ठोक्याची लाट काही सेकंदांत येते. म्हणून ती आदल्या रात्रीच उभी करून ठेवावी लागतात. डेटाबेस तर अशा रीतीने वाढत नाही. शिवाय येणारे सारे मनुष्यप्राणीच असतात असेही नाही. तत्काळ तिकिटांच्या पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनच्या प्रयत्नांपैकी जवळजवळ निम्मे प्रयत्न यंत्रमानवी प्रणालींचे असतात, असे रेल्वेनेच २०२५ साली जाहीर केले. रेल्वेच्या आरक्षणाची क्षमता ऑगस्ट २०१४ मध्ये मिनिटाला दोन हजार तिकिटांवरून बहात्तरशेपर्यंत नेण्यात आली, आणि २२ मे २०२५ रोजी एका मिनिटात ३१,८१४ तिकिटे निघाली. ही प्रगती लहान नव्हे. तरीही चतुर्थीला मुंबईहून कोकणात आणि गोव्यात येणाऱ्या गाड्या आरक्षण उघडताच भरतात आणि हजारो चाकरमानी हात हलवीत परततात. कारण तेथे उणीव सर्व्हरची नसून आसनांची आहे. भारचाचणी रांग सरळ ठेवू शकते, डबे वाढवू शकत नाही. कोविन व्यवस्थेवर २८ एप्रिल २०२१ रोजी अठरा वर्षांवरील सर्वांची नोंदणी सुरू झाली, तेव्हाही हेच दिसले. मिनिटाला सत्तावीस लक्ष विनंत्यांचे शिखर तिने अनुभवले, आरंभी ती अडखळली, मग सावरली. लोकांचा संताप मात्र कायम राहिला, कारण नोंदणी झाली तरी लस कोठे होती?

तिकिटांच्या आणि लशीच्या बाबतीत ‘प्रथम येईल त्यास प्रथम’ हा नियम कदाचित टाळता येत नसेल. पण अकरावीच्या प्रवेशात तो मुळी नाहीच! प्रवेश गुणांवर मिळावयाचा आहे. पहिल्या मिनिटाला अर्ज केल्याने तसूभरही लाभ नाही. मग गर्दी का होते? लोकांचा विश्वास नाही म्हणून, आणि तो विश्वास वाटावा असे शासनाने काही सांगितलेले नसते म्हणून. आसनक्रमांकाच्या शेवटच्या अंकानुसार दिवस वाटून द्या. पहिल्या दिवशी एकच तालुका घ्या. अर्धवट भरलेला अर्ज जपून ठेवण्याची सोय करा. आणि पहिल्या व शेवटच्या अर्जाची किंमत सारखीच आहे हे ठळक अक्षरांत छापा. शिखर तीनशे साठावरून साठ-सत्तरावर येईल, आणि या उपायांना यंत्रखर्च जवळजवळ नाही. इतक्यावरही गर्दी उसळलीच, तर झेपतील तेवढ्यांनाच आत घेऊन बाकीच्यांना त्यांचा क्रमांक व अंदाजे वेळ दाखविणारी प्रतीक्षा-खोली दाराशी असावी. ‘आपला क्रमांक ४२००, सुमारे वीस मिनिटे’ हे वाक्य वाचणारा माणूस कळ दाबीत सुटत नाही.

यासाठी आमची मागणी साधी आहे. कोणत्याही खात्याने ऑनलाइन दार उघडण्यापूर्वी अपेक्षित अर्जदार, पहिल्या तासाचे गृहीतक आणि दर सेकंदाच्या विनंत्यांचे लक्ष्य निविदेतच लिहावे. चाचणी ठेकेदाराने स्वतःच करून स्वतःच उत्तीर्ण होऊ नये. ती त्रयस्थाने निदान तीन आठवडे आधी करावी, म्हणजे दुरुस्तीला अवसर राहील. तिचा एकपानी निष्कर्ष लोकांसमोर ठेवावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चाचणी नापास झाल्यास तारीख पुढे ढकलण्याचा अधिकार एका नामनिर्देशित अधिकाऱ्याला असावा, तो वापरल्याबद्दल त्याला कोणी दोष देऊ नये, आणि तो न वापरल्याबद्दल मात्र जाब विचारावा. महाराष्ट्रात मुख्य नोंदणीआधी मुलांना सरावाची सोय दिली गेली होती. मुलांनी अर्ज भरण्याचा सराव केला. अर्ज घेणाऱ्या यंत्रणेची परीक्षा मात्र झाली ती मुलांच्याच अंगावर.

जो बाप त्या दिवसाची मजुरी बुडवून मुलीला घेऊन तालुक्याच्या गावी सायबर कॅफेत येतो, तासाचे पैसे भरतो आणि संध्याकाळी ‘उद्या पुन्हा प्रयत्न करा’ एवढे वाचून परततो, त्याच्या नुकसानीची नोंद कोणत्याही अहवालात होत नसते. ती टाळण्यासाठी लागते ते शालेय गणित, तीन आठवड्यांचा अवधी आणि नापास झाल्यास थांबण्याचे धैर्य. यांपैकी पहिल्या दोहोंची आपल्याकडे कधीच वाण नव्हती.